वर्ष अर्ध्यावर असताना राजीनामा : दहावीचं विज्ञान आणि नववी ब चं दप्तर, माझ्या नोंदी

१८ जुलै

ठरलं. आईला अर्धांगवायू झाल्यापासून दोन महिने भाऊ एकटा बघतोय, त्याची नोकरी जायची वेळ आली, आणि मी इथे पाचशे किलोमीटरवर. रजा जेवढ्या होत्या तेवढ्या उन्हाळ्याला जोडून संपवल्या. त्यामुळे राजीनामा, आणि तोही वर्षाच्या मध्यात, जे मी अकरा वर्षांत कधी मनातही आणलं नव्हतं. या वहीत रोजचं नाही, जेव्हा काही ठरेल किंवा अडेल तेव्हा लिहिणारे. माझ्यासारखी वेळ दुसऱ्या कुणावर आली तर उपयोग होईल.

आज भाऊसाहेबांकडे (आमचे वरिष्ठ लिपिक) बसून नियम नीट बघितला. आम्ही खाजगी अनुदानित शाळा, म्हणजे १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली. नियम ४० प्रमाणे कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस, कायम नसलेल्याला एक महिन्याची. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच नियमात पुढे जे आहे ते मला माहीत नव्हतं : नोटीस उन्हाळी-दिवाळीच्या मोठ्या सुट्टीत देता येत नाही, नोटिशीच्या काळात त्या सुट्टीचा एकही दिवस येता कामा नये, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर नोटीस देताच येत नाही.

आता हे आमच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. शाळा १५ जूनला सुरू झाली, म्हणजे १५ जुलैपर्यंत नाही. दिवाळीची सुट्टी २८ ऑक्टोबरपासून, म्हणजे तीन महिने २७ ऑक्टोबरच्या आत संपले पाहिजेत, म्हणजे नोटीस २७-२८ जुलैच्या पुढे गेली की सुट्टीत घुसली. एकूण बारा दिवसांची फट आहे आणि त्यातले तीन गेलेत. ही चुकली तर दिवाळीनंतर नोटीस, ती संपणार फेब्रुवारीत, दहावीच्या तोंडी परीक्षा-प्रॅक्टिकलच्या ऐन मध्यात. दिवाळी लवकर असती तर ही फट उरलीच नसती.

नोटीस कमी पडली तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार (भत्ते सोडून) भरून लवकर जाता येतं. पण संस्थेने तसंच, पैसे न घेता सोडलं तर ती रक्कम शाळेच्या अनुदानातून कापतात, हे भाऊसाहेबांनी मुद्दाम दाखवलं. त्यामुळे "मोठे सर चांगले आहेत, सोडतील असंच" हा विचार मनातून काढून टाकला. त्यांच्या चांगुलपणाची किंमत शाळेने का भरायची.

२० जुलै

पत्र लिहिलं. कायद्याच्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची पद्धत दिलीये : दोन प्रती, दोन्हीवर सही आणि तारीख, एक संस्थेला रजिस्टर पोस्टाने, एक आपल्याकडे. मी विचारलं की हातोहात दिलं तर काय बिघडतं, तर भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, पूर्वी नोकरीवर घेतानाच कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवायचे लोक, मग पाहिजे तेव्हा तारीख टाकायची. तारीख आणि पोस्टाची पावती ही तुमच्याच सोयीची आहे."

पत्रात तीनच गोष्टी ठेवल्या. राजीनामा देत आहे, नोटिशीचा काळ २२ जुलै ते २१ ऑक्टोबर, २१ ऑक्टोबरला शाळा सुटल्यावर कार्यमुक्त करावे. आईच्या आजाराचं सविस्तर पहिल्या मसुद्यात होतं, ते काढलं. त्याची जागा मोठ्या सरांच्या केबिनमध्ये समोरासमोर.

२२ जुलै

सकाळी पोस्टात जाऊन रजिस्टर केलं, पावती वहीत चिकटवली. शाळेत एक प्रत हातानेही दिली, आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. मोठे सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दहावी अ चं काय करायचं ते तुम्हीच सांगा, तुमच्याइतकं मला कळणार नाही." रागावले असते तर सोपं गेलं असतं.

नवा कायम शिक्षक यंदा मिळेल ही आशा त्यांनाही नाही. भरती पवित्र पोर्टलवरून, आधी पद रिक्त दाखवायचं, मंजुरी, जाहिरात, मग यादी, हे मार्चच्या आत होत नाही. संस्था स्वतःच्या पैशातून तासिका तत्त्वावर कुणी मिळतंय का बघेल, पण तालुक्याच्या गावात वर्षाच्या मध्यात विज्ञानाचा बी.एड. झालेला रिकामा माणूस सापडणं कठीण. म्हणून योजना आहे त्या माणसांत करायची, कुणी आलंच तर बोनस समजायचं.

मुलांना आत्ता सांगायचं नाही असं ठरलं. पहिली घटक चाचणी झाली की सांगू.

२५ जुलै

आज ऑफ तासाला आणि नंतर घरी बसून हिशोब केला. सगळ्यात वेळखाऊ काम हेच, पण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

आधी तास मोजले. दहावी अ ला विज्ञानाचे आठवड्याला सहा तास. २१ ऑक्टोबरपर्यंत आठवडे तेरा, पण घटक चाचणी, गणपती, दसरा, आणि १४ ऑक्टोबरपासून सत्र परीक्षा हे सगळं वजा केल्यावर हातात प्रत्यक्ष शिकवायचे ५४ तास येतात. मग गेल्या तीन वर्षांची माझी दैनिक टाचणं काढली आणि कुठल्या धड्याला खरोखर किती तास लागले ते बघितलं. वार्षिक नियोजनातले आकडे वापरले नाहीत, ते जूनमध्ये सगळेच समान वाटून लिहितात. टाचण खरं बोलतं. 'कार्बनी संयुगे' ला नियोजनात सात तास असतात आणि मला दरवर्षी दहा लागलेत.

दुसरा प्रश्न, माझ्यानंतर कोण. शाळेत विज्ञानाचे दुसरे एकच सर, त्यांचं बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात. भाग २ (आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचं वर्गीकरण वगैरे) ते माझ्यापेक्षा छान शिकवतात, हे मी मनापासून लिहितेय. पण भाग १ मधली गणितं आणि रासायनिक समीकरणं त्यांना जड जातात, ते स्वतःच सांगतात. म्हणजे पुस्तकाच्या क्रमाने जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत नेऊन सोडलं, तर मी सोपं शिकवून जाणार आणि अवघड त्यांच्या गळ्यात पडणार. नेहमी असंच होतं, कारण जाणारा माणूस "पाचवा धडा चालू आहे" एवढं सांगून जातो.

म्हणून क्रम मोडला. सहापैकी चार तास भाग १ ला, दोन भाग २ ला. म्हणजे भाग १ चे साधारण ३६ तास. आवर्ती वर्गीकरणाचे उरलेले ५, रासायनिक अभिक्रिया ९, विद्युतधारेचे परिणाम ८, मग 'उष्णता' सोडून थेट प्रकाशाचे अपवर्तन ६ आणि भिंगे ९. बेरीज ३७ होते, एक तास कुठूनतरी काढीन. उष्णतेचा धडा स्वतंत्र आहे, त्याच्यावर पुढचं फारसं अवलंबून नाही, तो मागे ठेवता येतो. पण अपवर्तन एकाने आणि भिंगे दुसऱ्याने शिकवलं तर मुलांचा चिन्हांचा गोंधळ होतो, तो मी एकदा बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावर निस्तरलाय. ते दोन धडे एकाच हातून जायला पाहिजेत.

मागे राहतात उष्णता, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे, अवकाश मोहिमा. यातलं धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे मिळून १९ तासांचं काम, आणि ते सरांवर टाकायचं नाही. मग कोणावर, हे अजून सुटलेलं नाही.

२९ जुलै

सुटलं. मोठ्या सरांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. गणिताच्या मॅडमचं बी.एस्सी. रसायनशास्त्रात आहे हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं, गणित शिकवतात म्हणून आपण धरूनच चालतो. त्या म्हणाल्या, धातुविज्ञान आणि कार्बन मी घेते, पण माझ्या तासातून नाही, शाळेच्या आधी शून्य तास द्या. आठवड्याला दोन शून्य तास, २ सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत. दिवाळीची सुट्टी, परीक्षा सगळं वगळूनही १९ पेक्षा थोडे जास्तच मिळतात.

त्यांची एकच अट, आणि ती अगदी बरोबर आहे : धातुविज्ञान सुरू व्हायच्या आधी 'रासायनिक अभिक्रिया' पूर्ण झाला पाहिजे. विस्थापन आणि ऑक्सिडीकरण-क्षपण माहीत नसेल तर धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी म्हणजे नुसतं पाठांतर. म्हणजे माझ्यावर ३१ ऑगस्ट ही पक्की तारीख आली.

सर सप्टेंबरपासूनच भाग २ चे दोन तास घेतील, त्या बदल्यात मी त्यांचे आठवीचे दोन घेणार. तास वाचत नाहीत यात, पण मुलांना त्यांची सवय मी असतानाच होईल आणि काही अडलं तर मी इथेच आहे. २१ ऑक्टोबरला अचानक माणूस बदलण्यापेक्षा हे बरं.

९ ऑगस्ट

पावसाने दोन दिवस शाळा बंद, त्यात माझं एक दिवसाचं प्रशिक्षण तालुक्याला. भाग १ चे तीन तास गेले. अजून आठवडाभर पावसाचा अंदाज आहेच. समीकरणं संतुलित करणं चालू आहे, वर्ग ४६ चा, त्यातले दहा-बारा अजून रेणूसूत्रातला खालचा अंकच बदलून संतुलन करतात. H₂O चं H₂O₂ केलं की ऑक्सिजन जुळतो ना, मग झालं, असं. हे इथे थांबून नीट केल्याशिवाय पुढे जायचं नाही, तारीख असली तरी.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, तिथे सुटल्यावर दोन जादा तास मागून घेतले. तीन शनिवार मिळाले म्हणजे सहा तास.

३१ ऑगस्ट

'रासायनिक अभिक्रिया' संपला. शेवटच्या तासाला लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवून दाखवला, निळा रंग फिकट होत गेला आणि खिळ्यावर तांबूस थर आला, मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली बघायला. गणिताच्या मॅडमही त्या तासाला मागे बसल्या होत्या. सोमवारी त्यांचा पहिला शून्य तास, त्या म्हणाल्या की याच खिळ्यापासून सुरुवात करते, टाकू नका. परीक्षानळी तशीच लेबल लावून ठेवलीये.

४ सप्टेंबर

घटक चाचणी झाली, मुलांना आज सांगितलं. दहावीला आधी, मग नववी ब ला, कारण त्यांची मी वर्गशिक्षिका. फार बोलले नाही. आई आजारी आहे, मला जावं लागतंय, दिवाळीआधीपर्यंत मी आहे, नंतर कोणता धडा कोण शिकवणार ते फळ्यावर लिहून दाखवलं. पहिला प्रश्न आला तो प्रॅक्टिकलचा : "मॅडम, आमच्या जर्नलवर सही कोण करणार?" चांगला प्रश्न होता, त्याचं पुढे लिहिते.

नववी ब मध्ये एक मुलगी रडली. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं. तिच्या घरचं जे मला माहीत आहे ते नवीन वर्गशिक्षकाला कळायला हवं का, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

११ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी. घरी बसून गुणांची शीट साफ केली. आमच्याकडे नववीचे गुण मी गूगल शीटमध्ये ठेवते आणि सत्राच्या शेवटी निकालपत्रकावर उतरवते. शीट माझ्या स्वतःच्या जीमेलवर. म्हणजे उद्या मी गेले आणि काही कारणाने ते खातं बंद पडलं तर दोन तुकड्यांचे गुण गेले. मालकी शाळेच्या जीमेलकडे द्यायची म्हणून बघायला गेले तर शाळेच्या जीमेलचा रिकव्हरी नंबरही माझाच, कारण २०२० मध्ये ऑनलाइन शाळेच्या वेळी मीच ते खातं उघडलेलं. सुट्टी संपल्यावर दोन्ही बदलायचं. मालकी दिली तरी समोरच्याने ती स्वीकारल्याशिवाय बदलत नाही, म्हणून भाऊसाहेबांच्या शेजारी बसूनच करायचं.

शीटमध्ये एक गोष्ट सापडली जी मी नसताना कुणाच्याच लक्षात आली नसती. छोट्या चाचण्यांची सरासरी या सूत्राने येते :

```
=AVERAGE(D5:F5)
```

हे सूत्र रिकामा चौकोन मोजतच नाही, पण शून्य मोजतं. एका मुलाला १४, रिकामं, १६ असे आहेत, सरासरी १५ येते. रिकाम्या जागी ० टाकला की तीच सरासरी १० होते. आता तो मुलगा त्या चाचणीला डेंग्यूने दवाखान्यात होता, म्हणून मी मुद्दाम रिकामं सोडलेलं. पण दुसऱ्या एका ओळीत रिकामं आहे ते माझ्याकडून गुण भरायचेच राहिलेत म्हणून, त्याचा पेपर कपाटात सापडेल. दोन रिकाम्या जागा, दोन वेगळे अर्थ, आणि ते फक्त माझ्या डोक्यात. नवीन माणूस प्रामाणिकपणे सगळीकडे ० भरून टाकेल.

आता सरळ नियम केला. एकही चौकोन रिकामा ठेवायचा नाही. आजारी किंवा परवानगीने गैरहजर असेल तर 'गैर-पर', विनाकारण असेल तर 'गैर', आणि लिहून काही आलं नाही तर ०. अक्षरं असली की सूत्र ती वगळतं, म्हणजे हिशोब बिघडत नाही आणि अर्थही कळतो. 'गैर' ला शून्य धरायचं की पुन्हा चाचणी घ्यायची हे मोठे सर ठरवतील, ते शीटच्या वर लिहून ठेवलंय.

१९ सप्टेंबर

नववी ब चं दप्तर. ५२ मुलं. हजेरीचा कॅटलॉग बघितला, जुलैची सरासरी उपस्थिती जुळत नव्हती. एक मुलगा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दाखला घेऊन गेला, त्याचं नाव मी तांबड्या शाईने कमी केलंच नव्हतं, त्यामुळे पट ५३ धरून भागाकार झालेला. चूक माझी, दुरुस्त करून बाजूला सही आणि आजची तारीख टाकली, मागची तारीख टाकली नाही.

खरं मोठं काम जनरल रजिस्टरशी, म्हणजे जीआरशी, ताडून बघण्याचं. ही मुलं पुढच्या वर्षी बोर्डाचा फॉर्म भरणार, तेव्हा जीआर, आधार आणि यू-डायसवरचं नाव तिन्ही सारखं लागतं, आणि नेमकं तेव्हाच धावपळ होते. मी एकेक नाव घेऊन बसले, भाऊसाहेब जीआर वाचत होते, मी आधारची झेरॉक्स बघत होते. सात मुलांचं काही ना काही वेगळं निघालं. चार जणांचं नुसतं इंग्रजी स्पेलिंग, दोघांचं आडनाव वेगळं (आईने दुसरं लग्न केलंय, आधार नवीन नावाने), आणि एकाची जन्मतारीखच.

इथे एक गोष्ट सगळ्या वर्गशिक्षकांनी लक्षात ठेवावी, जीआरमध्ये नाव, जात, जन्मतारीख आपण किंवा मुख्याध्यापक मनाने बदलू शकत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि ती प्रकरणं महिनोन्‌महिने चालतात. म्हणून आधी चूक कुठे आहे ते ठरवायचं. चार स्पेलिंगवाल्यांचं जीआर जन्मदाखल्याशी जुळतंय, म्हणजे आधार दुरुस्त करायचं, ते पालक केंद्रावर जाऊन करू शकतात. जन्मतारीखवाल्याचं उलटं आहे, जन्मदाखला आणि आधार एक सांगतात आणि जीआर वेगळं, पहिलीला नाव घालताना चुकलेलं. त्याचं प्रकरण आत्ताच पाठवायला हवं. वडिलांना उद्या बोलावलंय.

सातही जणांचं एक पान केलं : जीआर नंबर, फरक काय, कोणता कागद मिळाला, कोणता बाकी, पुढचं पाऊल कुणाचं. हे पान वर्गाच्या फाइलला लावायचं, माझ्या मोबाइलमधले आधारचे फोटो मात्र आज सगळे काढून टाकले. ते माझ्याकडे असायचं काही कारणच उरणार नाही.

२४ सप्टेंबर

विद्युतधारेचे परिणाम संपला, अपवर्तनही निम्मं झालं. भिंगांकडे जायच्या आधी न सांगता एक चिठ्ठी-चाचणी घेतली. नववीत आरशांना जो कार्टेशियन चिन्ह संकेत शिकवला होता त्यावर पाच प्रश्न. ४६ पैकी २४ जणांनी वस्तूचं अंतर धन लिहिलं. नववीला यांना मीच शिकवलेलं. दोन तास मागे जाऊन तेच पुन्हा घेतलं, शनिवारचे जादा तास इथे खर्ची पडले.

३ ऑक्टोबर

भिंगांचं पहिलं उदाहरण. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर, प्रतिमा कुठे. भिंगाचं सूत्र

```
1/v - 1/u = 1/f
u = -30, f = +20
1/v = 1/20 - 1/30 = 1/60
v = +60
```

वर्गात फिरून वह्या बघितल्या तर बऱ्याच जणांचं उत्तर १२. हे १२ दोन वाटांनी येतं. एक, सूत्र बरोबर पण u ला ऋण चिन्ह दिलं नाही. दुसरी, चिन्ह बरोबर पण सूत्र आरशाचं वापरलं, जिथे मध्ये अधिक असतं. दोन्हीकडे १/२० अधिक १/३० होऊन जातं. म्हणजे १२ लिहिणाऱ्या दोन मुलांना दोन वेगळ्या गोष्टी समजावायला लागतात.

आणि याहून वाईट, पाच जणांचं उत्तर ६० बरोबर आलेलं, पण त्यांनी आरशाचं सूत्रही वापरलं आणि कुठल्याच अंतराला चिन्हही दिलं नाही. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. नुसतं उत्तर तपासलं असतं तर या पाच जणांना टिक मिळाली असती आणि अंतर्वक्र भिंगाचं गणित आल्यावर ती आपटली असती. हे सरांसाठीच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, पाच जणांचे हजेरी क्रमांक देऊन : उत्तर बघू नका, पहिल्या दोन ओळी बघा.

ही सरांची वही म्हणजे या सगळ्याचा गाभा आहे असं मला वाटायला लागलंय. धड्यागणिक एक पान. 'झाला / नाही' असं नाही लिहिलं. कुठे थांबलो, मुलांना काय येत नाही, कोणते दाखवायचे प्रयोग झाले, कोणता गृहपाठ तपासायचा राहिला. उष्णतेच्या पानावर फक्त तयारी लिहिलीये : विशिष्ट उष्माधारकता आणि अप्रकट उष्मा ही दोन गणितं वेगवेगळ्या दिवशी घ्या. बर्फाचं पाणी होऊन ते पुढे तापतं असं एकत्र गणित तिसऱ्या दिवशी, तापमान बदलतंय की अवस्था बदलतेय हे मुलांनी आधी रेघ काढून दाखवायचं आणि मगच सूत्र लिहायचं.

८ ऑक्टोबर

जर्नल. दहावीला विज्ञानाचे ८० लेखी आणि २० प्रॅक्टिकलचे, आणि प्रॅक्टिकल बोर्डाच्या लेखीच्या आधी होतं. मी असताना आठ प्रयोग झालेत. हे आठ मी बघितलेत, त्यामुळे सही माझी, प्रयोगाच्या तारखेसकट. सरांनी न बघितलेल्या प्रयोगावर सही करायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. नऊ जर्नलं अपूर्ण होती. त्यातल्या सहा जणांचे प्रयोग झालेत पण लिहिलेलं नाही, त्यांना दोन दिवस शाळा सुटल्यावर बसवलं. तिघांनी तीन प्रयोग केलेच नाहीत, गैरहजर होते. त्यांचे उद्या-परवा लावलेत. नुसतं बघून लिहू द्यायचं नाही.

आठव्या प्रयोगानंतर प्रत्येक जर्नलमध्ये एक आडवी रेघ आणि माझी सही. रेघेच्या खाली सरांचं.

१६ ऑक्टोबर

परीक्षा समितीने ऐकलं, विज्ञानाचे दोन्ही पेपर १४ आणि १५ ला पहिलेच लावले. दहावीचे ९२ पेपर मीच तपासणार. नववीचे पेपर उशिरा आहेत, ते नववी अ आणि ब मिळून शंभरच्या वर जातात, ते सर आणि मॅडम वाटून घेतील, मी नमुना उत्तरपत्रिका करून दिली. रात्री दीड वाजलाय, ४० झालेत. भिंगांचं गणित टाकलं होतं. त्या पाचपैकी चार जणांनी पहिल्या दोन ओळी बरोबर लिहिल्यात.

भिंगांचा शेवटचा तास, दृष्टिदोष, राहिला. तो सरांना दिला, डोळ्याची रचना ते उत्तमच घेतील.

१९ ऑक्टोबर

कार्यभाराची यादी दोन प्रतींत. कॅटलॉग, नववी ब ची फाइल, सात जणांचं पान, निकालपत्रकं, दहावीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका, गुणांच्या शीटची छापील प्रत, सरांची वही, मॅडमची वही, प्रयोगशाळेच्या कपाटाच्या किल्ल्या. प्रत्येक वस्तू हातात देऊन समोर सही. शीटची मालकी बदलली, रिकव्हरी नंबर मोठ्या सरांचा केला, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन नवीन वर्गशिक्षिका झाली. मी सोमवारी ग्रुपमधून बाहेर पडेन.

त्या मुलीचं. फाइलमध्ये काही लिहिलं नाही, फाइल दहा हात फिरते. तिला आधी विचारलं, कुणाला सांगितलेलं चालेल. ती म्हणाली मराठीच्या मॅडमना. नवीन वर्गशिक्षिका त्याच आहेत, योगायोगाने. तिघी मिळून बसलो, तिनेच सांगितलं, मी फक्त शेजारी होते.

जन्मतारीखवाल्याचं प्रकरण शिक्षणाधिकारी कार्यालयात गेलंय, जावक क्रमांक पानावर टाकला.

२१ ऑक्टोबर

कार्यमुक्तीचा आदेश मिळाला. संस्थेचं मंजुरीचं पत्र ऑगस्टमध्येच आलेलं. सेवापुस्तकातली नोंद बघून सही केली, अंतिम वेतन प्रमाणपत्र पोस्टाने येईल.

शेवटचं मोजून ठेवते. दहावी अ, भाग १ : ठरलेल्यातलं सगळं, एक तास सोडून. धातुविज्ञान मॅडमचं निम्म्यावर. भाग २ : पहिले तीन धडे. सरांकडे आता उष्णता, अवकाश मोहिमा आणि भाग २ चे सात धडे, साधारण ४५ तासांचं काम, आणि दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत त्यांच्या हातात ४२ तास. म्हणजे दृष्टिदोष धरून चार तास कमी पडतात. मोठ्या सरांनी जानेवारीतले दोन शनिवार आत्ताच वेळापत्रकात लिहून दिले, तोंडी नाही, सहीने.

संध्याकाळी प्रयोगशाळेत किल्ली द्यायला गेले तर ती खिळ्याची परीक्षानळी अजून स्टँडवर होती, द्रावणाचा निळा रंग गेलेला, तळाशी तांबं साचलेलं. मॅडमनी लेबलवर खाली एक ओळ वाढवलीये, 'दिवाळीनंतर लागेल, काढू नये'.

उद्या पहाटेची गाडी.